आंबोलीतलं घर कोरडं ठेवायचं म्हणजे

प्रिय दादा,

नोकरी बदलली आणि राहायला थेट आंबोलीला गेले, हे काकूकडून तुला कळलंच आहे. तुझ्या मेलमधले दोन्ही प्रश्न रास्त आहेत: एवढ्या पावसात कशाला, आणि घर घेतलंच आहेस तर ते ओलीनं खराब होऊ नये म्हणून काय करणार? दोन्हींचं उत्तर एकच असल्यामुळे एकत्रच लिहिते. इथल्या एका हॉटेलच्या इमारतींची देखभाल आता माझ्याकडे आहे. म्हणजे कौलं, पन्हळी, स्लॅब, भिंती, रंग, वायरिंग हे सगळं. थोडक्यात, खोल्या कोरड्या ठेवणं हेच माझं काम, आणि फ्लॅटही मी त्याच नजरेनं निवडला. तू लिहिलंस, ‘खिडक्या उघड्या ठेव, हवा खेळती राहिली की ओल जाते.’ तुमच्या मँचेस्टरमध्ये ते बरोबर आहे. आंबोलीत जुलै महिन्यात ते चुकीचं आहे. इथे घर वाऱ्यानं कोरडं होत नाही, उबेनं होतं. हे पटवण्यासाठी जरा लांबण लावावी लागेल.

तुमच्याकडे हिवाळ्यात बाहेरची हवा थंड असते. थंड हवेत बाष्प मावतंच कमी, त्यामुळे तिची आर्द्रता जास्त दिसली तरी ती घरात येऊन तापली की कोरडी होते. घरातली ओल तिथे मुख्यतः घरातच तयार होते: स्वयंपाक, आंघोळ, वाळत घातलेले कपडे, माणसांचा श्वास. ती थंड भिंतीवर जाऊन पाणी होते. खिडकी उघडली की ओली हवा बाहेर आणि कोरडी आत. आंबोलीत गणित उलटं आहे. सिंधुदुर्गाच्या किनाऱ्यावरून आलेले ढग सह्याद्रीच्या कड्यावर अडतात आणि सुमारे 700 मीटर उंचीवरच्या या गावावर रिते होतात. वर्षाचा पाऊस 7000 मिलिमीटरच्या घरात जातो, आणि तो बहुतेक सगळा चार महिन्यांत. तुझ्या मँचेस्टरला वर्षभर भुरभुर असली तरी 1000 मिलिमीटरही भरत नाहीत. जुलैत इथे बाहेरचं तापमान 20-22 अंश, आर्द्रता जवळजवळ शंभर टक्के आणि ढग थेट अंगणात. अशा वेळी खिडकी उघडली की बाहेरचा ढगच घरात येतो. वारा कितीही खेळला तरी तो भिंतीतून काही उचलून नेऊ शकत नाही, कारण तो आधीच काठोकाठ भरलेला असतो.

आता उबेचा हिशेब बघ. 21 अंशांवर एक घनमीटर हवेत जास्तीत जास्त साधारण 18 ग्रॅम बाष्प मावतं, 26 अंशांवर 24 ग्रॅम. म्हणजे बाहेरची पूर्ण भरलेली हवा घरात घेऊन नुसती पाच अंशांनी तापवली, तर पाण्याचा एक थेंबही न काढता तिची आर्द्रता शंभरावरून 75 टक्क्यांवर येते. बुरशीला वाढायला भिंतीच्या पृष्ठभागापाशी साधारण 80 टक्के आर्द्रता दीर्घकाळ लागते. म्हणजे बुरशी धरणारं घर आणि न धरणारं घर यांत फक्त पाच अंशांचा फरक असू शकतो. आपल्याकडच्या जुन्या घरांना हे आकडे माहीत नव्हते, पण चूल दिवसभर धगधगत असायची, तिची ऊब आणि धूर माळ्यावरून, वाशांमधून, कौलांच्या फटींतून बाहेर पडायचा. बियाणं, सुकी मासळी, आमसुलं चुलीवरच्या माळ्यावर ठेवायची ती याचसाठी. चूल गेली, गॅस आला, कौलांखाली छत लागलं, आणि मग त्याच चिऱ्याच्या भिंतींना काळे ठिपके येऊ लागले. लोक दोष चिऱ्याला देतात. माझ्या मते त्यात चिऱ्याचा वाटा थोडा आहे, गेलेल्या आगीचा फार मोठा.

यावर तू म्हणशील, मग डिह्युमिडिफायर घे. घेतलाय, पण त्याची मर्यादा समजून. माझी झोपायची खोली 10 बाय 12 फुटांची, उंची 10 फूट, म्हणजे साधारण 34 घनमीटर हवा. खिडक्या बंद असल्या तरी फटींतून तासाभरात खोलीतली सगळी हवा एकदा बदलते असं धरू. तर आर्द्रता 75 टक्क्यांवर ठेवायला त्या यंत्राला तासाला दीडशे ग्रॅमच्या आसपास पाणी काढावं लागेल, म्हणजे दिवसाला साडेतीन लिटर. घरगुती यंत्राला ते जमतं. खिडकी उघडी टाकून हवा तासाला दहा वेळा बदलली की तोच आकडा पस्तीस लिटरवर जातो, आणि ते त्याच्या आवाक्याबाहेरचं आहे. खोक्यावरचा ‘दिवसाला इतके लिटर’ हा आकडा बहुधा 30 अंशांच्या उष्ण हवेतला असतो, थंड हवेत तो बराच खाली येतो. म्हणून पैसे आधी खिडक्यांच्या फटी बुजवायला, मग यंत्राला. या यंत्राची एक जमेची बाजू म्हणजे ते खाल्लेली वीज उष्णता म्हणून खोलीतच सोडतं, म्हणजे ऊबही मिळते.

खरा आक्षेप विजेचा आहे. पूर्ण खोली पाच अंश उबदार ठेवायची तर माझ्या हिशेबानं तीन-चारशे वॉट सतत लागतील, म्हणजे दिवसाला आठ-नऊ युनिट. नोकरदार माणसाला हे चार महिने परवडणार नाही, आणि पावसात झाड तारांवर पडलं की वीज जाते ती जातेच. म्हणून उपाय खोलीपुरता न ठेवता वस्तूपुरता करायचा. कपड्यांच्या कपाटात तळाशी, कपड्यांपासून लांब आणि जाळीच्या आड, 40 वॉटचा जुना तारेचा बल्ब लावायचा. दिवसाला एक युनिट, आणि कपाट कोरडं. एलईडी इथे कामाचा नाही, कारण तो फारसा तापत नाही, आणि आपल्याला उजेड नकोय, ऊब हवीय. हॉटेलातल्या चादरी-टॉवेलांच्या खोलीतही तत्त्व हेच. शेगडी पेटवायचा सल्ला इथे सर्रास मिळतो; बंद खोलीत कोळसा पेटवणं म्हणजे कार्बन मोनॉक्साइड, तो विचारही नको. गॅसचा हीटर तर उलट काम करतो. एक किलो गॅस जळला की दीड किलोहून जास्त पाणी वाफ होऊन खोलीत येतं. त्यामुळे स्वयंपाकघराचं दार बंद आणि तिथला पंखा चालू, एवढा एकच वारा मी पावसाळ्यात घरात खेळवते.

फ्लॅट निवडताना दृश्य मी शेवटी बघितलं, आणि दरीकडे तोंड असलेल्या खोल्या नाकारल्या. पाऊस नैऋत्येकडून, वाऱ्यासोबत आडवा येतो, आणि पश्चिमेची भिंत तो सोसते. माझा फ्लॅट तीन मजल्यांतला मधला आहे: खालून जमिनीची ओल चढत नाही, वर आणखी एक घर असल्यामुळे स्लॅबची गळती थेट माझ्याकडे येत नाही, आणि खालच्या-वरच्या स्वयंपाकघरांची ऊब थोडी मलाही मिळते. पश्चिमेला जिना आणि न्हाणीघर, झोपायची खोली पूर्वेला. स्लॅबवर पत्र्याची उतरती शेड आहे, जी आपल्या भागात आता घराघरावर दिसते आणि जी मी अट म्हणूनच बघितली. घर भाड्याचं आहे. आंबोली, चौकुळ, गेळे इथल्या कबुलायतदार गावकर जमिनींचा प्रश्न तुला आठवत असेल; इथे काही विकत घ्यायचं तर सातबारा आणि त्यामागचा इतिहास वकिलाकडून तपासल्याशिवाय पाऊल टाकू नये, आणि मला तूर्त ती घाई नाही.

ओल दिसली की सगळे आधी रंगाकडे धावतात, आणि माझ्या कामातला निम्मा वेळ ती धाव थांबवण्यात जातो. आधी ओल कुठली ते ओळखावं लागतं. जमिनीपासून कमरेइतक्या उंचीपर्यंत सरळ पट्टा आणि त्यावर पांढरे क्षार असतील तर पाणी जोत्यातून चढतंय. छताखाली गोल डाग असेल आणि तो पावसानंतर वाढत असेल तर गळती आहे. कपाटामागे, कोपऱ्यात काळे ठिपके असतील तर ते हवेतल्या बाष्पाचं काम. शंका राहिली तर फूटभर ॲल्युमिनियमची फॉइल भिंतीला चारही बाजूंनी चिकटपट्टीनं घट्ट लावून दिवसभर ठेवते. पाणी फॉइलच्या खोलीकडच्या बाजूला जमलं तर ते खोलीतल्या हवेचं. भिंतीकडच्या बाजूला जमलं तर ते भिंतीतलं. पहिल्याला ऊब हवी, दुसऱ्याला बाहेरून दुरुस्ती. हे न बघता आतून प्लास्टिकचा चकचकीत रंग मारला की भिंतीतलं पाणी त्याच्यामागे अडकतं आणि पुढच्या श्रावणात पोपडे सुटतात. चुन्याचा थर बाष्पाला वाट देतो, म्हणून जुन्या भिंतींना मी चुनाच सुचवते. तो दरवर्षी नव्यानं द्यावा लागतो, हा त्याचा खरा तोटा. बाहेरच्या भिंतीला मात्र पाणी रोखणारं काम हवंच, पण ते भिंत दिवाळीनंतर महिना-दोन महिने उन्हात सुकल्यावर. मे महिन्यात घाईनं उरकलेल्या रंगावर माझा विश्वास नाही.

एक गोष्ट तुझ्या बाजूची मान्य करते. पाऊस उघडून दुपारचं ऊन पडलं, तर त्या दोन-तीन तासांत खिडक्या सताड उघडायलाच हव्यात. मी भिंतीवर पाचशे रुपयांच्या आतला एक आर्द्रतामापक लावलाय आणि एक गॅलरीत. फक्त टक्के बघून चालत नाही, तापमानही बघावं लागतं: बाहेरच्या हवेत बाष्प आतल्यापेक्षा कमी असेल तरच खिडकी उघडायची. ऑक्टोबरपासून मेपर्यंत तुझाच नियम चालतो. पलंग आणि कपाट मात्र बारा महिने बाहेरच्या भिंतीपासून सहा इंच दूर, कारण खोली उबदार असली तरी सामानामागची भिंत थंडच राहते आणि तिथली आर्द्रता सहज ऐंशीपलीकडे जाते.

हे सगळं इतक्या पोटतिडकीनं का लिहितेय, ते तुला माहीत आहे. तुझ्या शेजारच्या रॉचडेलमध्ये अवाब इशाक हा दोन वर्षांचा मुलगा 2020 मध्ये घरातल्या बुरशीमुळे गेला, आणि घरमालक संस्था तोवर दोष कुटुंबाच्या राहणीला देत होती. इथेही तेच ऐकू येतं: ‘तुम्ही घर उघडं ठेवत नाही.’ ज्या हवेत खिडकी उघडून काही होणार नाही, तिथे हे उत्तर भाडेकरूला देणं मला अन्यायाचं वाटतं. वहिनीला दम्याचा त्रास आहे असं काकू म्हणत होती. तुमच्या झोपायच्या खोलीतल्या पलंगामागच्या कोपऱ्यातलं तापमान आणि आर्द्रता आठवडाभर रात्री आणि सकाळी लिहून मला पाठव. तुमच्याकडे ती ओल हवेची की भिंतीची, ते त्या आकड्यांवरून आणि एका फॉइलवरून कळेल.

तुझी,
धाकटी