झबली पुष्कळ झाली, आईबापांना काय नेलंत?

जिवलग मैत्रीण बाळंत झाली, की आपण हौसेनं झबली, टोपडी, दुपटी घेऊन जातो. ती महिना-दोन महिन्यांत तोकडी होतात आणि कपाटात जातात. त्या घरात खरी पंचाईत असते ती रात्री दोन वाजता! अंगावर पाजणाऱ्या बाईला त्या वेळी अशी काही भूक लागते म्हणता! मांडीवर बाळ, एक हात अडकलेला, आणि नवऱ्याला उठवायचं तर तो बिचारा आत्ताच कुठे आडवा झालेला. म्हणून मी हल्ली डिंकाचे लाडू नेते. पण लिंबाएवढे, दोन घासांत संपणारे. मोठा लाडू एका हातानं फोडता येत नाही, आणि चुरा बाळाच्या अंगावर पडतो.

१ वाटी डिंक, २ वाट्या किसलेलं सुकं खोबरं, १ वाटी खारकेची पूड आणि दीड वाटी गूळ घ्या. सगळी मेख डिंकात आहे. तो हरभऱ्याच्या डाळीएवढा कुटून, मध्यम आचेवर तुपात थोडा थोडा तळा. तूप फार तापलं तर वरून तांबूस होतो आणि आत कच्चा राहतो. मग तो दातांना असा चिकटतो, की नको तो लाडू! एक दाणा गार करून चिमटीत दाबा. त्याचा भुगा झाला तर ठीक. मधे काचेसारखा कण लागला तर अजून तळा. खोबरं कोरडंच भाजा. गूळ चमचाभर तुपात नुसता विरघळवा, बुडबुडे आले की उतरवा. पाक होऊ दिलात तर लाडू दगड होतील. लाडू गरम असतानाच वळा.

अळिवाचे लाडूही चांगलेच, पण त्यात ओलं खोबरं असतं. दोन-तीन दिवसांत संपणार नसतील तर नेऊ नका. गरोदरपणी साखर वाढली होती का, तेही आधी विचारून घ्या. तसं असेल तर लाडवांऐवजी भाजलेले शेंगदाणे आणि फुटाणे न्या.

आता बाळाचे बाबा. त्यांना कोण विचारतं! त्यांच्यासाठी उपम्याचा रवा न्या. रवा खमंग भाजून त्यात मोहरी, मिरची, कढीलिंबाची फोडणी आणि मीठ घाला. कढीलिंब आणि मिरची कुरकुरीत व्हायलाच हव्यात. ओल राहिली तर रव्याला वास येतो. पूर्ण गार झाल्यावर बरणीत भरा आणि चिठ्ठी चिकटवा: ‘१ वाटी रवा, अडीच वाट्या उकळतं पाणी, झाकून पाच मिनिटं.’ माझ्या मैत्रिणीच्या यजमानांना चहापलीकडे काही येत नव्हतं. त्यांनी आठवडाभर सकाळी हाच उपमा केला, आणि तिला गरम ताटली हातात मिळाली.

डबा मात्र फिरकीच्या झाकणाचा नको. एका हातानं उघडेल असा बघा. आणि तो परत मागू नका. मागितलात, तर रिकामा कसा पाठवायचा म्हणून ती बिचारी ओल्या अंगानं त्यात घालायला काहीतरी करत बसेल.