ई रांग, पायऱ्या शून्य

माझ्या बाबांनी इचलकरंजीत एकतीस वर्षं पॉवरलूम चालवला. ज्यांनी लूमची शेड आतून पाहिली आहे त्यांना पुढचं सांगायची गरज नाही. शेजारी उभ्या माणसाशी बोलायचं तर कानाला तोंड लावावं लागतं. तिथे कानात कापूस घालणारा माणूससुद्धा विरळा होता. साठी येईपर्यंत बाबांचे दोन्ही कान गेले. ‘गेले’ म्हणजे काय ते मात्र नीट सांगायला हवं, कारण सगळा प्रश्न तिथेच आहे.

बाबांना आवाज येतो, शब्द कळत नाहीत. अशा बहिरेपणात आधी उंच सुरातले आवाज जातात. आपल्या बोलण्यात स्वर खालच्या पट्टीत असतात आणि जोरकसही. पण ‘स’, ‘श’, ‘त’, ‘क’ यांसारखी व्यंजनं बारीक आणि उंच पट्टीतली. त्यामुळे ‘साखर’ म्हटलं की बाबांना ‘आ-अ’ असं काहीतरी पोचतं. बाकीचं ते ओठांवरून आणि संदर्भावरून जुळवतात. घरी ते जमून जातं. सिनेमात बोलणारा माणूस पाठमोरा असतो, मागे संगीत चालू असतं आणि ‘पुन्हा बोला’ म्हणायची सोय नसते.

श्रवणयंत्र आहे, पण ते सगळंच मोठं करतं. पार्श्वसंगीतही, मागच्या रांगेतलं पॉपकॉर्नही. शिवाय अशा कानांना हळू आवाज ऐकू येत नाही आणि मोठा आवाज एकदम बोचतो. मधली जागा फार थोडी उरते. म्हणून ‘आवाज वाढवायला सांगू का?’ हा सगळ्यांत प्रेमळ आणि सगळ्यांत निरुपयोगी प्रश्न आहे.

त्यात आता गुडघे. बाबा दोन वर्षांपूर्वी माझ्याकडे पुण्याला आले. सपाटीवर व्यवस्थित चालतात, पण अंधारात पायऱ्या उतरताना घाबरतात. एकेकाळी दर शुक्रवारी पहिला खेळ गाठणारा माणूस गेली चार वर्षं थिएटरात गेला नव्हता. विचारलं की म्हणायचे, ‘तू बघून ये. मला स्टोरी सांग.’

डिसेंबर 2025 मध्ये एक मराठी सिनेमा येत होता. त्यातल्या म्हाताऱ्या नटाचं प्रत्येक नाटक बाबांनी पाहिलेलं. मी ठरवलं, यावेळी आधी विचारून जायचं.

आधी बुकिंग ॲपवर पाहिलं. तिथला सीटचा नकाशा सपाट असतो. कुठली रांग किती उंचीवर आहे, दार कोणत्या रांगेपाशी उघडतं, हे त्यात कुठेच नसतं. कस्टमर केअरला लिहिलं, ‘ज्येष्ठ नागरिकांसाठी सोय आहे का?’ दुसऱ्या दिवशी उत्तर आलं की आमच्या सर्व थिएटरांत लिफ्ट आणि व्हीलचेअरची सोय आहे. उत्तर खरंच होतं. पण लिफ्ट लॉबीपर्यंत जाते आणि पायऱ्या हॉलच्या आत असतात.

माझं काम सॉफ्टवेअरचं. आमच्याकडे ‘ॲप चालत नाही’ असा बग कोणी टाकला तर तो तसाच पडून राहतो. कुठल्या स्क्रीनवर, काय दाबल्यावर, काय दिसलं हे लिहिलं तर कोणीतरी हात लावतं. तोच नियम इथे लावला. तिकीट खिडकीवर जाऊन त्या थिएटरच्या मॅनेजरांचा ईमेल पत्ता मागितला. त्यांनी पावतीच्या मागे लिहून दिला. ईमेल सोमवारी रात्री पाठवला, कारण सिनेमाचा आठवडा शुक्रवारी सुरू होतो आणि शोच्या वेळा त्याआधी एकदोन दिवसांत पक्क्या होतात.

ईमेल असा होता:

‘नमस्कार. माझे वडील 63 वर्षांचे आहेत. त्यांना कमी ऐकू येतं आणि गुडघ्यांमुळे पायऱ्या चढता-उतरता येत नाहीत. व्हीलचेअर लागत नाही. येत्या रविवारी दुपारच्या शोला यायचं आहे. बुकिंग करण्याआधी पाच गोष्टी विचारतो. एका ओळीत उत्तर दिलंत तरी चालेल.

1. हा सिनेमा कोणत्या स्क्रीनला लागणार आहे?
2. त्या स्क्रीनच्या दारापासून एकही पायरी न चढता किंवा उतरता कोणत्या रांगेत पोचता येतं? ती रांग पडद्यापासून कितवी?
3. खेळ संपल्यावर आलो त्याच दाराने परत जाता येईल का?
4. सिनेमाच्या फाइलच्या नावात भाषेच्या जागी काय लिहिलं आहे? म्हणजे पडद्यावर कोणती अक्षरं येतील ते कळेल.
5. कमी ऐकू येणाऱ्यांसाठी सीटवर बसवायचं कॅप्शनचं यंत्र, इन्फ्रारेड हेडफोन किंवा इंडक्शन लूप यांपैकी काही आहे का?’

तिसरा प्रश्न वाचून मित्र हसला होता. पण पुण्या-मुंबईतल्या मल्टिप्लेक्सांत एक पद्धत आहे. आत जाताना एस्कलेटर, लॉबी, कार्पेट. बाहेर पडताना पडद्याशेजारचं दार उघडतात आणि सगळी गर्दी सिमेंटच्या जिन्याने तीन मजले खाली, थेट पार्किंगमध्ये. जाताना शून्य पायऱ्या आणि येताना साठ, असं होऊ शकतं. हे आधी कोणी सांगत नाही.

चौथा प्रश्न थोडा समजावून सांगतो. आता सिनेमा रिळांतून नाही, डिजिटल फाइलींच्या गठ्ठ्यातून येतो. एकाच सिनेमाच्या दोन-तीन आवृत्त्या त्यात असू शकतात, आणि प्रत्येकीच्या लांबलचक नावात भाषेचा एक तुकडा असतो. प्रोजेक्शनच्या सर्व्हरवर तो दिसतो:

```
MR-XX
MR-EN
```

पहिला भाग आवाजाची भाषा, दुसरा पडद्यावरच्या अक्षरांची. `XX` म्हणजे अक्षरं नाहीत. `MR-EN` म्हणजे बोलणं मराठी आणि खाली इंग्रजी सबटायटल्स. कमी ऐकू येणाऱ्यांसाठी केलेल्या कॅप्शन असतील तर नावात `OCAP` किंवा `CCAP` असंही येतं. `OCAP` म्हणजे उघड्या कॅप्शन, पडद्यावर सगळ्यांना दिसणाऱ्या. `CCAP` म्हणजे ज्याला हव्या त्यालाच वेगळ्या यंत्रावर दिसणाऱ्या.

सबटायटल आणि कॅप्शन यांत फरक आहे. सबटायटल हे भाषा न कळणाऱ्यासाठी असतं, त्याला ऐकू येतं असं धरून चाललेलं. कॅप्शन त्याच भाषेत असते आणि ऐकू न येणारंही सांगते: कोण बोलतंय, दारावर टकटक झाली, बाहेर गाडी थांबली. ‘सिनेमाला सबटायटल्स आहेत का?’ एवढंच विचारलं असतं तर ‘हो’ उत्तर आलं असतं आणि बाबांसमोर इंग्रजी अक्षरं आली असती. बाबा सातवी शिकलेले. मराठी पेपर पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचतात. इंग्रजी पाट्या वाचतात, वाक्यं नाही.

बुधवारी फोन आला. मॅनेजर माझ्याच वयाचे असावेत. म्हणाले, ‘सर, ईमेल वाचला. दोन नंबरचं उत्तर मला माहीत नव्हतं, म्हणून सकाळी शो नसताना जाऊन मोजलं.’

सिनेमा स्क्रीन चारला लागणार होता. तिथलं दार अगदी पडद्याजवळ उघडतं, म्हणजे पायरी नसलेली रांग एकच, पहिली. तिथे बसून दोन तास मान वर करून पाहायचं. पण शेजारच्या स्क्रीन दोनचं दार मध्यावर उघडतं. तिथे ई रांग, पडद्यापासून पाचवी, दाराच्या बरोबर पातळीवर. पायऱ्या शून्य. ‘रविवारी नाही, पण मंगळवारी दुपारचा शो दोनमध्ये आहे. ई-1, ई-2 घ्या, कडेच्या आहेत.’ परत जाताना ते स्वतः आतलं दार उघडं ठेवायला सांगणार होते.

फाइल होती `MR-EN`. मराठी कॅप्शन नाहीत. यंत्र, हेडफोन, लूप, काहीच नाही. त्यांनी विचारलं, ‘सर, आवाज थोडा वाढवू?’ मी का नको ते सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं.

कॅप्शनच्या यंत्राबद्दल मला तितकं वाईट वाटलं नाही. कपहोल्डरमध्ये बसवलेल्या छोट्या पट्टीवर किंवा फोनच्या ॲपवर कॅप्शन आल्या तर नजर सतत जवळून लांब, लांबून जवळ न्यावी लागते. चाळिशीचा चष्मा असलेल्या माणसाला पट्टी वाचायला चष्मा लागतो आणि पडदा पाहायला काढावा लागतो. बाबांसाठी पडद्यावरची मराठी अक्षरंच खरी उपयोगाची. पण ती मॅनेजरांच्या हातात नाहीत. निर्मात्याने ती बनवून फाइलसोबत दिली तरच थिएटर दाखवू शकतं.

केंद्राच्या माहिती व प्रसारण मंत्रालयाने 15 मार्च 2024 ला यासाठी मार्गदर्शक तत्त्वं काढली. एकापेक्षा जास्त भाषांत प्रमाणपत्र घेणाऱ्या सिनेमांना सहा महिन्यांत आणि बाकीच्यांना दोन वर्षांत ऐकू न येणाऱ्यांसाठी कॅप्शन आणि दृष्टिहीनांसाठी ऑडिओ वर्णन द्यायला सांगितलं. आमचा सिनेमा एकाच भाषेतला, म्हणजे दोन वर्षांच्या गटातला. मुदत संपायला तीन महिने होते.

मी बाबांना सगळं जसंच्या तसं सांगितलं: बसायची जागा चांगली, पायरी नाही, पण अक्षरं इंग्रजी. जायचं की नाही ते तुम्ही ठरवा. त्यांनी विचार करून विचारलं, ‘मध्ये उठायचं झालं तर?’ कडेची सीट आहे, म्हटलं. ‘मग जाऊ.’

मंगळवारी गेलो. त्या नटाचा चेहरा समोर असायचा तेव्हा बाबा ओठांवरून बरंच पकडत होते. पाचव्या रांगेचा हा फायदा मी धरलाच नव्हता. मागून ओठ इतके स्पष्ट दिसत नाहीत. पण कोर्टातला लांब प्रसंग, जिथे बोलणारे बहुतेक पाठमोरे होते, त्यांना काहीच कळला नाही. हॉल हसला की ते माझ्याकडे बघायचे. मध्यंतरात मी फोनवर चार ओळी टाइप करून दाखवल्या. खेळ संपल्यावर आतलं दार उघडं होतं.

गाडीत बाबा म्हणाले, ‘कोर्टात तो काय बोलला, ते मला लिहून दे.’ आणि मग, ‘ते मराठीत खाली का लिहीत नाहीत? लिहिणाऱ्याकडे कागदावर असेलच की.’

बरोबर आहे. संवाद पटकथेत मराठीतच लिहिलेले असतात. इंग्रजी सबटायटल त्यावरूनच होतं. मराठी कॅप्शनसाठी ते वेळेनुसार तोडायचे, आवाजांच्या नोंदी घालायच्या आणि फाइल द्यायची, एवढंच उरतं. त्या रात्री दुसरा ईमेल निर्मात्यांच्या पत्त्यावर गेला. त्यात प्रश्न एकच होता: तुमच्या पुढच्या सिनेमाच्या फाइलीत मराठी कॅप्शन असेल का? अजून उत्तर नाही.

मॅनेजरांचं मात्र आलं. त्यांनी बाकीच्या स्क्रीनही मोजल्या होत्या. पाच ओळींची यादी: स्क्रीन, दार, पायरी नसलेली रांग, बाहेर जायचा रस्ता. तिकीट खिडकीच्या आतल्या बाजूला ती चिकटवली आहे असं त्यांनी लिहिलंय. तुमच्या घरच्या थिएटरात अशी यादी बहुधा नसेल. सकाळी शो नसताना ती करायला फार वेळ लागत नाही, कोणीतरी रांगेचं नाव विचारावं लागतं.