भाडेथकीच्या नोटिशीवरची पोस्ट

ज्युनिअरने मजकूर पाठवला तो असा: ‘घरमालक घर खाली करा म्हणतोय? घाबरू नका. आजच मेसेज करा.’ त्याखाली माझं नाव, वकिलीची वर्षं, ‘भाडेकरू प्रकरणांचे तज्ज्ञ’ आणि शेवटी `#BestPropertyLawyerPune`. पोस्ट भाडेकरूंच्या हक्कांबद्दल होती, पण वाचून एकही हक्क कळत नव्हता. वाचणाऱ्याने फोन करावा एवढंच त्यातून निघत होतं.

बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियमांतला ३६वा नियम नेमका हेच अडवतो. वकिलाने काम मागायचं नाही. जाहिरातीतून नाही, परिपत्रकातून नाही आणि दलालामार्फतही नाही. स्वतः चालवलेल्या खटल्याच्या संदर्भात आपला फोटो छापून आणायचा नाही. पाटी बेताच्या आकाराची हवी आणि तिच्यावर ‘अमुक कामातले तज्ज्ञ’ असं लिहायचं नाही. २००८ मध्ये वेबसाइटची सूट मिळाली, तीही नाव, पत्ता, सनद, शिक्षण, कामाचं क्षेत्र एवढ्याच माहितीपुरती. २०२४ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने वकिलांची ऑनलाइन दुकानदारी चालवणाऱ्या संकेतस्थळांवर कडक ताशेरे ओढले, आणि मार्च २०२५ मध्ये बार कौन्सिलने सोशल मीडियावरच्या जाहिरातबाजीबद्दल पुन्हा बजावलं. गैरवर्तन ठरलं तर समज मिळण्यापासून सनद जाण्यापर्यंत काहीही होऊ शकतं.

ज्युनिअर म्हणाली, “मॅडम, पण माहिती द्यायला तर बंदी नाही ना?” नाही. फक्त माहिती कुठे संपते आणि गिऱ्हाईक बोलावणं कुठे सुरू होतं, ते नियमात आखून दिलेलं नाही. माझी चाचणी सोपी आहे: मजकुरावरचं माझं नाव खोडलं तरी तो वाचणाऱ्याच्या कामाचा राहतो का? राहत नसेल तर ती जाहिरात. पैसे भरून पोस्ट ‘बूस्ट’ करणंही मी त्यातच धरते. पेठांमधल्या भाडेकरूंपर्यंत पोचण्यासाठी पैसे मोजायचे, तर ते परिपत्रकच झालं, फक्त पोस्टमन बदलला.

मग विषय एकच घेतला. भाडं थकलं म्हणून आलेली नोटीस. स्मॉल कॉजेसमध्ये जुन्या वाड्यांचे दावे पाहताना एक गोष्ट सारखी दिसते: माणसं भाड्यामुळे कमी आणि तारखांमुळे जास्त हरतात.

ज्युनिअरला समजावं म्हणून एक हिशेब मांडला. महिना ६०० रुपये भाड्याची वाड्यातली दोन खोल्यांची जागा. वाडा विकासकाला द्यायचा म्हणून मालकाने भाडं घेणंच थांबवलं. नऊ महिन्यांनी ५४०० रुपयांची मागणी करणारी नोटीस आली, १ जूनला हातात पडली. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम १५ प्रमाणे अशा लेखी मागणीनंतर ९० दिवस संपेपर्यंत थकबाकीच्या कारणावरून ताब्याचा दावा लावता येत नाही. म्हणजे ३० ऑगस्टपर्यंतची मुदत भाडेकरूची. त्यात कायद्याने देय भाडं आणि मान्य वाढ चुकती केली, तर त्या नोटिशीचं कारण संपतं.

गाडी घसरते ती इथेच. भाडेकरू म्हणतो, “मालकच घेत नव्हते, मी काय करू?” खरं असतं, पण कागद नसतो. भाडं मनीऑर्डरने पाठवलं असतं आणि ‘घेण्यास नकार’ शेरा मारून ती परत आली असती, तर देण्याची तयारी कोर्टाला दाखवता आली असती. दुसरा घोळ पाकिटाचा. नोटीस घेतलीच नाही म्हणजे मिळालीच नाही, अशी चाळीचाळीत समजूत आहे. पोस्टमनने ‘नाकारली’ असं लिहून पाकीट परत नेलं की सहसा ती बजावली गेली असंच धरलं जातं, आणि ९० दिवस मुकाट्याने धावत राहतात.

दावा लागल्यावरही एक दार उघडं राहतं. समन्स बजावल्यापासून ९० दिवसांत सगळी थकबाकी १५ टक्के सरळ व्याजासह कोर्टात भरायची, पुढचं भाडं निकालापर्यंत नियमित भरत राहायचं आणि कोर्ट सांगेल तो दाव्याचा खर्च द्यायचा. ‘नियमित’ या अटीवर कित्येक जण घसरतात. पहिली रक्कम पोटाला चिमटा घेऊन भरतात आणि पुढचे महिने विसरतात.

शेवटी पोस्टमध्ये गेलेला मजकूर असा:

‘भाडं थकल्याची नोटीस आली तर: पाकीट नाकारू नका, मिळाल्याची तारीख त्यावरच लिहून ठेवा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम १५ नुसार नोटिशीनंतर ९० दिवस संपेपर्यंत थकबाकीच्या कारणावरून ताब्याचा दावा लावता येत नाही. त्या मुदतीत देय भाडं चुकतं करा आणि पुरावा जपा. रोख दिलं तर पावती मागा. ती देणं मालकावर बंधनकारक आहे. मालक भाडं घेत नसेल तर मनीऑर्डर करा आणि परत आलेली पावती ठेवा. ही ९० दिवसांची तरतूद फक्त थकबाकीसाठी आहे. मालकाची स्वतःची गरज, पोटभाडेकरू अशा कारणांना ती लागू नाही. लीव्ह अँड लायसन्सवर राहणाऱ्यांनाही नाही. ही सर्वसाधारण माहिती आहे, कोणाच्या प्रकरणावरचा सल्ला नव्हे. मोफत कायदेशीर मदतीसाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरण किंवा हेल्पलाइन १५१००.’

खाली फक्त नाव आणि ‘वकील, पुणे’. फोन नंबर नाही, फोटो नाही, जिंकलेल्या दाव्याचा उल्लेख नाही.

लीव्ह अँड लायसन्सचं वाक्य ज्युनिअर काढायला निघाली होती. मजकूर लांबतो म्हणून. मी अडून बसले. आज पुण्यात खोली घेणारी बहुतेक पोरं अकरा महिन्यांच्या करारावर राहतात आणि स्वतःला भाडेकरूच म्हणतात. त्यांच्यावर कलम २४ लागतं. मुदत संपून जागा सोडली नाही, तर मालक सक्षम प्राधिकाऱ्याकडे जातो आणि दुप्पट शुल्काने भरपाई मागू शकतो. त्यांतल्या कोणी आमची पोस्ट वाचून ‘मला ९० दिवस आहेत’ म्हणत बसायचं ठरवलं असतं, तर नुकसान त्याचंच.

पोस्टखाली मेसेज आलेच. एका बाईंनी सगळी हकिगत लिहिली, मालकाच्या नावासकट, आणि विचारलं, “ताई, माझ्या केसचं काय होईल?” अशा वेळी उघड्यावर मत दिलं, तर तो सल्लाही होतो आणि जाहिरातही. मी त्यांना मालकाचं नाव काढून टाकायला सांगितलं आणि प्राधिकरणाच्या कार्यालयात जा म्हणाले. स्त्रियांना तिथे वकील मोफत मिळतो, उत्पन्नाची अट नाही. ज्युनिअरला हे पटलं नाही. “मॅडम, त्या आपल्याकडेच आल्या असत्या,” म्हणाली. आल्या असत्याच, म्हणून तर.

एका घरमालकाचाही फटकळ मेसेज आला: “सगळे हक्क भाडेकरूंनाच का?” माणूस चुकीचं बोलत नव्हता. मी मालकांची कामंही करते, आणि कलम १५ ची नोटीस नीट न लिहिल्याने मालकांचे दावे पडतानाही पाहिले आहेत: मागणी कोणत्या महिन्यांची ते स्पष्ट नाही, पोचपावती जपलेली नाही, किंवा ९० दिवस संपायच्या आधीच दावा दाखल. पुढच्या पोस्टचा कच्चा मजकूर मालकांच्या बाजूने, याच तीन गोष्टींवर, ज्युनिअरने लिहायला घेतला आहे. यावेळी हॅशटॅग तिने स्वतःहून गाळले आहेत.