भाड्याच्या फ्लॅटमध्ये शिकवणी आणि करारातलं एक कलम

लिव्ह अँड लायसन्सच्या करारात एक कलम हमखास असतं. मिळकत फक्त लायसन्सीच्या कुटुंबाला राहण्यासाठी दिली आहे, इतर कोणत्याही कारणासाठी तिचा वापर करायचा नाही. सही करताना आपण डिपॉझिट आणि भाड्याचा आकडा बघतो, हे कलम वाचत नाही. कोल्हापुरात आपल्या कितीतरी घरांत शिलाई, मेंदीचे क्लास, बिर्याणीच्या ऑर्डरी आणि शिकवण्या याच कलमाखाली बसून चालतात.

आम्हा शाळाशिक्षकांना खाजगी शिकवणी घेता येत नाही. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 28 नं ती बंद केली आहे. आमच्या लेकीला ही आडकाठी नाही. बी.एस्सी. झाल्यावर तिनं आठवी-नववीच्या आठ मुलांना असर ते मगरिब गणित-विज्ञान शिकवायचं ठरवलं. फ्लॅट भाड्याचा, आणि करार महिन्याभरात नव्यानं व्हायचा होता. म्हणून मुलं यायच्या आधीच आम्ही घरमालकांकडे गेलो. आपल्या नावानं भाड्याचं घर मिळवताना किती उंबरे झिजवावे लागतात ते आम्हाला माहीत आहे. हे घर घालवायचं नव्हतं.

काका म्हणाले, "पोरं येऊ देत की, माझी ना नाही. पण करारात क्लासचं नाव घालू नका."

त्यांचा अडेलपणा वाटला, पण कारण खरं होतं. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 च्या कलम 24 प्रमाणे मुदत संपूनही लायसन्सी घर सोडत नसेल, तर मालकाला सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करून ताबा मिळवता येतो आणि तोवर दुप्पट दरानं भरपाईही मागता येते. मात्र ही जवळची वाट 'राहण्यासाठी' दिलेल्या जागेलाच आहे. करारात 'निवास व व्यवसाय' असं लिहिलं, की मालकाची ती वाट धोक्यात येते आणि दिवाणी दाव्याचा लांबचा रस्ता उरतो. काकांना आठ मुलांची भीती नव्हती. त्यांना तो एक शब्द जपायचा होता.

आमची अडचण दुसरी. त्याच कलमाखाली लेखी करार हा त्यातल्या मजकुराचा निर्णायक पुरावा मानला जातो. उद्या काकांचा मुलगा व्यवहार बघू लागला आणि त्यानं 'वापर बदलला' म्हणून करार मोडायची नोटीस दिली, तर "काका हो म्हणाले होते" या वाक्याला काय वजन? वापर बदलल्यावर कोर्ट काय करतं, हे जुन्या भाडेकरूंच्या खटल्यांत दिसतं. उसाच्या रसाच्या धंद्यासाठी घेतलेल्या जागेत कापडाचं दुकान घातलं, त्या महाराष्ट्रातल्या प्रकरणात 1993 साली सर्वोच्च न्यायालयानं भाडेकरूच्या विरोधात निकाल दिला. उलट 1989 साली सायकल दुरुस्तीच्या दुकानात काही दिवस टीव्ही विकणाऱ्याची जागा वाचली. मूळ वापर चालू आहे का आणि जागेला त्रास होतो का, यावर बरंच ठरतं.

काकांची दुसरी काळजी विजेच्या मीटरची होती, कारण तो त्यांच्या नावावर. घरगुती जोडणीवर धंदा चालवला तर वीज कायद्याच्या कलम 126 खाली दुप्पट दरानं आकारणी होऊ शकते. पण घराच्या काही भागात छोटा व्यवसाय करणाऱ्याला महावितरणच्या दरपत्रकात सवलत आहे. महिन्याला 300 युनिटपर्यंत आणि मागच्या आर्थिक वर्षात 3600 युनिटपर्यंत वापर असेल तर घरगुती दरच लागतो. आम्ही वर्षभराची बिलं त्यांच्यापुढे ठेवली. उन्हाळ्यातसुद्धा आकडा 190 च्या वर गेला नव्हता. इथं काका सैल झाले.

मग दोघांना चालेल असं कलम बसून लिहिलं. जागा निवासासाठीच दिली आहे, हे पहिलं वाक्य तसंच राहिलं. त्याच्याखाली आलं: 'लायसन्सीच्या कुटुंबातील सदस्यानं राहत्या खोलीत एका वेळी जास्तीत जास्त आठ विद्यार्थ्यांना शिकवणी घेतल्यास तो निवासाला पूरक वापर समजला जाईल व त्यामुळे निवासी स्वरूप बदलणार नाही. पाटी लावली जाणार नाही, बाहेरचा शिक्षक नेमला जाणार नाही. यामुळे वीज किंवा घरफाळा वाढल्यास फरक लायसन्सी भरेल.' शेवटचं वाक्य काकांचं. घरफाळ्याचे निवासी आणि बिगरनिवासी दर वेगळे असतात, त्यामुळे ते रास्तच होतं. पाटीबद्दल लेक थोडी हिरमुसली, पण पाटी हीच तक्रारीची पहिली खूण असते. जिन्यातल्या चपला ही दुसरी. त्या आता दाराच्या आत ठेवतात.

हे कोर्टात तंतोतंत टिकेलच अशी हमी कुणी वकील देणार नाही. पण मालकाची संमती लेखी असताना 'चोरून धंदा केला' असं म्हणता येत नाही. ती संमती नोंदवलेल्या करारातच हवी, वेगळ्या साध्या कागदावर नको. पंधरा-वीस मुलांच्या दोन बॅचेस झाल्या तर हे कलम पुरणार नाही. तेव्हा गाळाच बघावा लागेल. आणि करार अकरा महिन्यांचा आहे. मुदत संपली की ही परवानगीही संपते, नव्या करारात ती पुन्हा शब्दशः घालून घ्यावी लागते.