जाहिरात दिसली, म्हणून माल खपला?

मंडळी, आपल्या दिव्यात, मुंब्र्यात, डोंबिवलीत घरून नाहीतर छोट्या गाळ्यातून ऑनलाइन धंदा करणारे आता गल्लोगल्ली आहेत. त्यातले बरेच जण महिन्याला काही हजार रुपये इंटरनेटवरच्या जाहिरातींवर घालतात आणि महिनाअखेर एजन्सीकडून एक रिपोर्ट घेतात. ‘एक रुपया घातला, सात परत आले’ असं त्यात लिहिलेलं असतं. हे सात रुपये येतात कुठून, ते आज जरा सविस्तर सांगतो. धंदा करणाऱ्यांनी वाचाच, आणि ओळखीत कुणी असेल तर त्यालाही दाखवा.

ओळखीतल्या एका दुकानदारांचं उदाहरण घेतो. आम्ही सगळे त्यांना दादाच म्हणतो. मूळ सावंतवाडीकडचे, दिवा पूर्वेला गाळा. कोकम, कुळथाचं पीठ, काजू, फणसपोळी असा कोकणातला माल. वेबसाइटवरून महिन्याला साधारण ४०० ऑर्डरी. ऑर्डर सरासरी ७०० रुपयांची, त्यात दादांच्या हातात उरतात २१० रुपये. (आकडे समजायला सोपे व्हावेत म्हणून गोल केलेत.)

दादा महिन्याला २१,००० रुपये रिटार्गेटिंगवर घालत होते. रिटार्गेटिंग म्हणजे काय, तर जो माणूस तुमच्या वेबसाइटवर येऊन गेला, त्यालाच नंतर इकडेतिकडे तुमची जाहिरात दाखवत राहायची. तो क्रिकेटचा स्कोअर बघतोय, तिथे कोकम. बातमी वाचतोय, तिथे फणसपोळी. एजन्सीचा रिपोर्ट म्हणत होता की या जाहिरातींमुळे २१० ऑर्डरी आल्या, म्हणजे १,४७,००० रुपयांचा माल गेला. खर्चाच्या सातपट.

यावर एजन्सीचा सल्ला असा, की बजेट ३५,००० करा. वरचे १४,००० आणायचे कुठून? तर दादांच्या डोक्यात आलं की पॅकिंगला आणि फोन घ्यायला येणाऱ्या ताईंना पुढच्या महिन्यापासून थांबवायचं. त्यांचा पगार १२,०००. दादा मला म्हणाले, “तुम्ही पेपरवाले, जरा हा रिपोर्ट बघा. सातपट मिळत असतील तर मी वेडा आहे का पैसे न घालायला?”

रिपोर्ट बघितला. २१० मधल्या ३० ऑर्डरी अशा लोकांच्या होत्या ज्यांनी जाहिरातीवर क्लिक केलं होतं. उरलेल्या १८० जणांनी क्लिक केलंच नव्हतं. जाहिरात त्यांच्या स्क्रीनवर आली होती, आणि नंतर कधीतरी ते स्वतःहून वेबसाइटवर येऊन माल घेऊन गेले होते. याला व्ह्यू-थ्रू म्हणतात. नुसती दिसली, तरी श्रेय जाहिरातीला. आणि ‘नंतर कधीतरी’ म्हणजे किती दिवस, ती मुदत ज्याच्या हातात खातं असतं तो ठरवतो. गुगलच्या जाहिरातीत ही मुदत १ दिवसापासून ३० दिवसांपर्यंत ठेवता येते. आपण काही बदललं नाही तर ती १ दिवस असते. दादांच्या खात्यात ती ३० होती.

आणखी एक गंमत. गुगल स्वतः या दोन गोष्टी वेगळ्या दाखवतं. क्लिकवाल्या खरेद्या ‘Conversions’ या रकान्यात येतात, नुसत्या दिसण्यावरच्या ‘View-through conv.’ या वेगळ्या रकान्यात. एजन्सीने एक्सेलमध्ये दोन्हींची बेरीज करून एकच आकडा दादांच्या हातात दिला होता. आकडे कुणी खोटे लिहिले नव्हते. मुदत लांब ठेवली आणि बेरीज केली, एवढंच.

आता ३० दिवसांच्या मुदतीत काय होतं ते आपल्या स्टेशनवर बघू. सकाळी दिवा–सावंतवाडी गाडीला किती गर्दी असते ते मी सांगायला नको. समजा एकाने तिकीट खिडकीच्या रांगेसमोर बोर्ड लावला, ‘सावंतवाडीला चला’. रांगेतल्या सगळ्यांच्या नजरेसमोरून तो गेला. महिनाभराने हा माणूस रेल्वेला म्हणतो, बोर्ड बघितलेल्यांपैकी इतके हजार लोक गावाला गेले, माझं कमिशन काढा. अहो, ते रांगेत उभेच होते! गावाला जायचं म्हणूनच रांगेत होते.

रिटार्गेटिंगचा बोर्ड नेमका रांगेसमोर लागतो. यादीत येतो कोण? जो आधीच वेबसाइटवर आला, ज्याने माल बघितला, टोपलीत टाकला. दादांची अर्धीअधिक गिऱ्हाइकं तर दर महिन्याची. एक काकू रात्री कोकम टोपलीत टाकून झोपतात, पगार झाल्यावर पैसे भरतात. मधल्या आठ दिवसांत जाहिरात त्यांच्या मोबाइलवर एकदा जरी चमकली, तरी ऑर्डर जाहिरातीच्या खात्यात जमा. मुदत जितकी लांब, तितकी नेहमीची गिऱ्हाइकं त्या जाळ्यात. महिन्याला एकदा माल घेणारं गिऱ्हाईक आणि ३० दिवसांची मुदत, मग सुटणार कोण?

दुसरंही एक कारण आहे. जो माणूस त्या दिवशी इंटरनेटवर जास्त फिरतो, त्याला जाहिराती जास्त दिसतात आणि तोच खरेदीही जास्त करतो. याहू कंपनीतल्या लुईस, राव आणि रायली या संशोधकांनी २०११ साली हैदराबादला भरलेल्या वर्ल्ड वाइड वेब परिषदेत हेच मांडलं होतं. जाहिरात बघितलेल्या लोकांनी त्या ब्रँडचा शोध किती वाढवला, हे नेहमीच्या तुलनेच्या पद्धतींनी काढलं तर वाढ ८०० टक्क्यांच्या वर दिसत होती. चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट पाडून, एका गटाला जाहिरात न दाखवता तपासलं, तेव्हा खरी वाढ निघाली साधारण ५ टक्के.

मग दादांनीही तेच करून बघायचं ठरवलं. त्यांची वेबसाइट सांभाळणाऱ्या मुलाने एक छोटा बदल केला. वेबसाइटवर नवा माणूस आला की कॉम्प्युटरने मनातल्या मनात नाणं उडवायचं. छापा आला तर तो जाहिरातीच्या यादीत, काटा आला तर यादीबाहेर, आणि ही खूण त्याच्या ब्राउझरमध्ये ठेवून द्यायची. पुढे ऑर्डर आली की ती छाप्याची की काट्याची, तेवढं नोंदवायचं. जाहिरात अर्ध्याच लोकांना जाणार म्हणून बजेटही अर्धं केलं, १०,५००.

महिनाभराने हिशोब मांडला. दोन्हीकडे साधारण ४,००० माणसं. जाहिरात दाखवलेल्या गटातून १९६ ऑर्डरी. न दाखवलेल्या गटातून १८८.

एजन्सीच्या जुन्या पद्धतीने पहिल्या गटातल्या ९८ ऑर्डरी जाहिरातीमुळे आल्या होत्या, १४ क्लिकच्या आणि ८४ नुसत्या दिसण्याच्या. हे खरं असतं तर जाहिरात न बघितलेल्या गटात तेवढ्या ऑर्डरी कमी पडायला हव्या होत्या. म्हणजे १९६ वजा ९८, उरल्या ९८. पडल्या १८८! ज्यांना बोर्ड दिसलाच नाही, तेही गाडीत बसले.

फरक ८ ऑर्डरींचा. आता कुणी म्हणेल, महिन्याच्या महिन्याला इतकं वरखाली होतंच. बरोबर आहे. एवढ्या संख्येत ३०-३५ चा फरक नुसत्या योगायोगानेही पडू शकतो. म्हणून ‘जाहिरातीचा उपयोग शून्य’ असं हा प्रयोग सांगत नाही. पण जाहिरातीच्या बाजूने जितकं ओढता येईल तितकं ओढलं, तरी जास्तीच्या ऑर्डरी ४५-४६ च्या पुढे नेणं कठीण. त्यातून दादांना सुटणार साडेनऊ हजारांच्या आसपास, आणि घातले १०,५००. म्हणजे सगळ्यात चांगलं चित्र धरलं तरी तोटा.

या प्रयोगाच्याही मर्यादा आहेत. एकच माणूस मोबाइलवर छापा आणि ऑफिसच्या कॉम्प्युटरवर काटा होऊ शकतो, त्याने दोन गटांतला फरक थोडा पुसला जातो. एक महिना हा लहान काळ आहे. दादांनी पुढचा महिनाही तसाच चालवला, मोठा फरक काही निघाला नाही. आणि हे निकाल दादांच्या जुन्या गिऱ्हाइकांच्या धंद्याचे आहेत. ज्याला तुमचं नावच माहीत नाही अशा नव्या माणसाला दाखवलेली जाहिरात ही वेगळी गोष्ट, ती वेगळी तपासायची. नुसतं बघूनही माणूस खरेदी करतो, हे तर आहेच. स्टेशनबाहेरच्या होर्डिंगवर कोण क्लिक करतं? पण होर्डिंगवाला असं म्हणत नाही की खालून गेलेला प्रत्येक माणूस माझ्यामुळे दुकानात शिरला.

क्लिक म्हणजे शंभर टक्के पुरावा, असंही समजू नका. ईबेने आपल्याच नावाचा शोध घेणाऱ्यांना दाखवायच्या जाहिराती बंद करून बघितल्या. ते लोक जाहिरातीखालच्या फुकटच्या लिंकवरून जवळपास सगळेच्या सगळे तिथे पोचले. ब्लेक, नॉस्को आणि टाडेलिस यांचा तो अभ्यास २०१५ साली ‘इकॉनोमेट्रिका’त छापून आलाय. क्लिक केलेल्यांची ही गत, तर नुसती जाहिरात दिसलेल्यांचं काय सांगावं.

फेसबुक-इन्स्टाग्रामवर जाहिरात देणाऱ्यांनीही लक्ष ठेवा. तिथे साधारणपणे क्लिकनंतर ७ दिवस आणि नुसतं दिसल्यानंतर १ दिवस अशी मुदत धरतात, आणि दोन्ही मिळून एकच आकडा समोर येतो. १ दिवस ऐकायला कमी वाटतो. पण काल रात्री टोपली भरलेला माणूस आज पैसे भरणारच असेल, तर त्याच्यासाठी एक दिवसही पुष्कळ झाला. हा आकडा क्लिक आणि दिसणं असा वेगळा करून बघता येतो. एजन्सीला तसा मागा.

रिपोर्ट हातात आला की पहिला प्रश्न हा विचारा: यातल्या क्लिकच्या किती, नुसत्या दिसण्याच्या किती, आणि दिसण्याची मुदत किती दिवसांची? दिसण्याच्या ऑर्डरी क्लिकच्या कितीतरी पट असतील, तर तिथेच थांबा. मग विचारा, जाहिरात न दाखवलेला गट कुठे आहे? तो नसेल तर सातपट काय आणि सतरापट काय, तो बोर्डवाल्याचा हिशोब. आणि एजन्सीचं कमिशन याच आकड्यावर ठरत असेल, तर मुदत तिने ठरवायची नाही, तुम्ही ठरवायची. आपल्याच मापाने कोण तराजू मारत नाही?

दादांनी रिटार्गेटिंग ३,००० वर आणलंय. टोपली भरून गेलेल्यांनाच, तेही दोनच दिवस. बाकीच्या पैशातून कोकम-काजूचे नमुने बांधून डोंबिवलीतल्या चार सोसायट्यांमध्ये वाटायचं चाललंय. त्यातून किती ऑर्डरी येतात ते नमुना न दिलेल्या सोसायट्यांशी ताडून बघू, असं म्हणतायत. ताई कामावर आहेत, नमुन्यांची पाकिटं त्याच भरतायत.