माठाच्या प्रश्नाचे चार पर्याय

शाळेच्या विज्ञानाचे बहुपर्यायी प्रश्न तपासायला आले की मी आधी मूळ प्रश्न हाताने झाकतो आणि फक्त पर्याय वाचतो. तेवढ्यावर उत्तर ओळखता आले, तर त्या प्रश्नाने विज्ञान तपासलेले नसते.

एक प्रश्न असा होता : ‘माठातले पाणी गार का होते?’ पर्याय होते : ‘माठ मातीचा असतो’, ‘माठ सावलीत ठेवतात’, ‘माठाच्या सूक्ष्म छिद्रांतून बाहेर झिरपलेल्या पाण्याचे बाष्पीभवन होते व त्यासाठी लागणारी उष्णता आतल्या पाण्यातून घेतली जाते’, ‘वरील सर्व’. तिसरा पर्याय लांबीवरूनच उघडा पडतो. यात आळस नसतो. बरोबर उत्तरावर कोणी आक्षेप घेऊ नये म्हणून आपण त्यात एकेक तपशील घालत जातो, आणि चुकीचे पर्याय दोन शब्दांत उरकतो.

अशा वेळी चुकीच्या पर्यायांना शब्दांचे ठिगळ लावून लांब करण्याचा मोह होतो. ते मला पटत नाही. मुलांचा वेळ वाचण्यातच जातो. मी बरोबर उत्तर कापतो आणि त्यातला भार प्रश्नात नेतो. प्रश्न झाला : ‘उन्हाळ्यात माठातले पाणी बाहेरच्या हवेपेक्षाही गार का होते?’ मग पर्याय :

मातीचा थर बाहेरची उष्णता आत येऊ देत नाही.
माती पाण्यातली उष्णता शोषून स्वतःत साठवते.
छिद्रांतून आलेली हवा पाण्यातली उष्णता नेते.
झिरपलेले पाणी उडून जाताना आतली उष्णता घेते.

आता चारही पूर्ण वाक्ये आहेत, चारही उष्णतेचे काय होते ते सांगतात. ‘हवेपेक्षाही’ हा शब्द मात्र अत्यावश्यक. माती उष्णता थोडीफार अडवतेच. तो शब्द नसता, तर पहिला पर्याय पूर्ण चूक म्हणता आला नसता. आणि ‘झिरपणे’ प्रश्नात येऊ द्यायचे नाही, नाहीतर तोच शब्द उत्तरात पाहून मुले खूण करतात. ‘वरील सर्व’ काढलेच. दोन विधाने बरोबर वाटली की ते आपोआप निवडले जाते.

मराठीत आणखी एक गळती असते, लिंगाची. ‘पेशीत ऊर्जा तयार करणारी ____ होय’ असे लिहिले, की केंद्रक आणि पेशीपटल ही नपुंसकलिंगी नावे ‘करणारी’ला जुळत नाहीत. उरतात तंतुकणिका आणि रिक्तिका. चारांतली निवड दोघींवर येते, तीही व्याकरणाने. म्हणून मी विचारतो, ‘प्राणिपेशीत बहुतांश ऊर्जा कोठे तयार होते?’ पर्याय केंद्रकात, पेशीपटलात, तंतुकणिकेत, रिक्तिकेत. विभक्ती सारखी झाली की लिंग बोलत नाही.

एवढे करूनही खरे कळते ते वर्गात प्रश्न चालवून पाहिल्यावर. कोणता पर्याय किती जणांनी निवडला हे मी मोजतो. ज्याला कोणीच हात लावला नाही, तो कितीही मापात बसलेला असो, काढून टाकतो. त्याच्या जागी काय घालायचे ते मुलांनाच विचारतो : पर्याय न देता, ‘माठातले पाणी गार का होते ते लिहा.’ मातीने उष्णता साठवण्याचा पर्याय अशाच एका उत्तरातून आला.