लिफ्टचा वाटा

"मी लिफ्टने कुठं जाऊ, गच्चीवर पापड वाळत घालायला?" तळमजल्यावरचे काका सभेत म्हणाले. हशा पिकला, नव्या लिफ्टच्या खर्चात तळमजल्याचा वाटा किती हा मुद्दा मात्र तसाच राहिला.

*

महाराष्ट्रातल्या सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार लिफ्टची दुरुस्ती, देखभाल आणि ती चालवण्याचा खर्च इमारतीतल्या सगळ्या सभासदांनी सारखा वाटून घ्यायचा असतो, कुणी ती वापरो वा न वापरो. पण जुन्या इमारतीत नव्यानं लिफ्ट बसवायचा खर्च कसा वाटायचा, हे त्या ओळीत नाही. ते सर्वसाधारण सभेत ठरतं, आणि भांडण तिथंच होतं. तुमची सोसायटी नसून १९७० च्या कायद्याखालचं अपार्टमेंट असेल, तर गोष्टच वेगळी. तिथं घोषणापत्रातल्या टक्केवारीवर खर्च पडतो.

*

समजा, तळ अधिक तीन मजले, मजल्यावर चार, म्हणजे १६ सदनिका आणि खर्च १२ लाख. सारखा वाटला तर प्रत्येकी ७५,०००. मजल्यानुसार एक, दोन, तीन, चार असे हिस्से धरले तर एकूण हिस्से ४० आणि एक हिस्सा ३०,००० चा. मग तळमजला ३०,०००, पहिला ६०,०००, दुसरा ९०,००० आणि तिसरा १,२०,००० भरेल. मला हे पटतं. मात्र तिसऱ्या मजल्याची संमती लेखी घ्यावी, कारण "सारखंच घ्या" म्हणायला तोच पुढे येणार.

*

"सिंकिंग फंडातून करू" हा तोडगा शांतपणे सुचवला जातो. तो फंड सदनिकेच्या बांधकाम खर्चावर गोळा होतो, मजल्यावर नाही. त्यातून लिफ्ट घेतली की तळमजल्यानं सारखा वाटा आधीच भरलेला असतो, कुणी न विचारता.

*

तळमजल्याला शून्य? नको. काकांच्या मुलानं उद्या फ्लॅट विकला, तर घेणाऱ्याला लिफ्ट हवीच असेल. आणि न भरणाऱ्यांसाठी कार्ड-कुलूप लावायचं, तर तिसऱ्या मजल्यावर आलेल्या पाहुण्यानं काय करायचं?

*

जुन्या इमारतीला बाहेरून लिफ्ट जोडताना ती बहुधा जिन्याच्या मधल्या टप्प्यावर उघडते. म्हणजे दारापर्यंत अर्धा जिना उरतोच. गुडघे दुखणाऱ्या आजींना लिफ्ट येऊनही आठ-दहा पायऱ्या चढायच्या किंवा उतरायच्या असतील, तर हिस्से ठरवायच्या आधी नकाशा सभेत पसरावा.

*

त्याच नकाशात लिफ्टचा खड्डा आणि खांब कुणाच्या खिडकीसमोर येतात तेही दिसतं. बहुतेक वेळा तळमजल्याच्याच. उजेड जातो, दरवाज्याची खडखड येते, पावसाळ्यात खड्ड्यात पाणी साचतं. काकांच्या स्वयंपाकघरासमोर खांब येत असेल, तर त्यांच्या ३०,००० मधूनही काही वजा व्हायला हवं.